आकडा बरोबर, आकृती चूक?

डायोड रेक्टिफायरचं गणित बहुतेक विद्यार्थी सूत्रात आकडे घालून सोडवतात आणि आकृती शेवटी घाईघाईत काढतात. आकृती आधी काढली, तर निम्म्या चुका तिथेच पकडल्या जातात.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला १२ व्होल्ट, ५० हर्ट्झ आहेत. पुढे चार सिलिकॉन डायोडांचा ब्रिज आणि १०० ओहमचा लोड. पहिला सापळा इथेच आहे. १२ व्होल्ट हे आरएमएस मूल्य आहे. लाटेचा माथा त्याच्या १.४१४ पट, म्हणजे सुमारे १७ व्होल्ट. ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोडांतून प्रवाह जातो. प्रत्येकी ०.७ व्होल्ट वजा केले की लोडवर माथ्याला १५.६ व्होल्ट उरतात.

आता आकृती. दर १० मिलिसेकंदांनी एक उंचवटा, सगळे शून्याच्या वरच्या बाजूला. दोन उंचवट्यांच्या मध्ये साधारण अर्धा मिलिसेकंद रेघ शून्यावर सपाट राहते, कारण १.४ व्होल्टच्या खाली डायोड उघडतच नाहीत. हा बारीक सपाट भाग सोडून दिला, तर सरासरी १५.६ × ०.६३७, म्हणजे ९.९ व्होल्ट आणि आरएमएस ११ व्होल्ट येतं. डीसीच्या तुलनेत उरलेल्या चढउताराचं आरएमएस मूल्य किती, हे रिपल फॅक्टर सांगतो. फुल वेव्हला तो ०.४८ येतो, हाफ वेव्हला १.२१.

लोडला समांतर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की चित्र पालटतं. लाट १५.६ पर्यंत चढते, मग पुढचा उंचवटा येईपर्यंत हळूहळू सुमारे दीड व्होल्ट उतरते. आकृती करवतीच्या दात्यांसारखी दिसते. सरासरी जवळजवळ १४.९ व्होल्ट. सूत्र असं:

r = 1 / (4√3 · f · C · R)

इथे f म्हणजे मेन्सचे ५० हर्ट्झ. रिपलचे १०० घालायचे नाहीत. उत्तर ०.०२९, म्हणजे २.९ टक्के.

आता त्याच सूत्रात १० मायक्रोफॅरड घालून पाहा. उत्तर येतं २.८९. कपॅसिटर नसताना ०.४८ असलेला रिपल कपॅसिटर लावल्यावर सहापट कसा होईल? गुणाकार चुकलेला नाही; सूत्र चुकीच्या जागी वापरलं गेलं. दोन माथ्यांमध्ये व्होल्टेज थोडंसंच आणि सरळ रेषेत उतरतं, असं हे सूत्र गृहीत धरतं. त्यासाठी R आणि C यांचा गुणाकार १० मिलिसेकंदांपेक्षा बराच मोठा हवा. १००० मायक्रोफॅरडला तो १०० मिलिसेकंद आहे, १० मायक्रोफॅरडला फक्त एक.

प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोपवर माथे १० ऐवजी २० मिलिसेकंदांच्या अंतराने दिसले आणि रिपल दुपटीच्या आसपास गेला, तर ब्रिजमधला एखादा डायोड ओपन झाला असावा. आधी तो तपासा. कपॅसिटर नंतर बदला.