कालचं झाड आजही उभं

एखाद्या शहरातल्या बसमार्गांची यादी संगणकात ठेवलेली आहे. मंगळवारी 65 क्रमांकाचा नवा मार्ग सुरू झाला आणि तो यादीत घातला गेला. पुढे कधीतरी कुणी विचारतं, "सोमवारी यादीत कोणकोणते मार्ग होते?" साधी यादी याचं उत्तर देऊ शकत नाही. तिला फक्त आत्ताचं ठाऊक असतं, कारण बदल करताना आधीच्या नोंदी जागच्या जागी पुसून लिहिलेल्या असतात.

यावर चटकन सुचणारे उपाय दोन. रोज संपूर्ण यादीची नक्कल काढून ठेवायची, म्हणजे एका मार्गासाठी सगळी यादी पुन्हा लिहायची. किंवा फक्त बदलांची रोजनिशी ठेवायची आणि प्रश्न आला की पहिल्या दिवसापासून सगळे बदल पुन्हा करत यायचं. पहिल्यात जागा वाया जाते, दुसऱ्यात वेळ. या दोन्हींना चुकवणारी तिसरी वाट आहे आणि ती मला संगणकशास्त्रातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटते. तिचं नाव पाथ कॉपीइंग, म्हणजे वाटेची नक्कल.

ती समजायला आधी शोधवृक्ष डोळ्यांसमोर हवा. संगणकातलं झाड उलटं काढतात, मूळ वर आणि पानं खाली. सोमवारी आपल्याकडे सात मार्ग आहेत. सर्वांत वर 50. त्याच्या डावीकडे 30, उजवीकडे 70. 30 च्या खाली 20 आणि 40, 70 च्या खाली 60 आणि 80. नियम एकच: कुठल्याही नोंदीच्या डावीकडे तिच्याहून लहान आकडे, उजवीकडे मोठे. 60 शोधायचा तर 50 पाशी उजवीकडे वळायचं, 70 पाशी डावीकडे, की 60 समोर. या प्रत्येक नोंदीला नोड म्हणतात. नोडमध्ये स्वतःचा आकडा असतो आणि डाव्या-उजव्या मुलाचा पत्ता. पालकाचा पत्ता मात्र नसतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती फार महत्त्वाची ठरते.

आता कागद-पेन्सिल घेऊन करून पाहावं. सोमवारचे सात नोड पांढऱ्या कागदाच्या चकत्यांवर लिहा. मंगळवारी 65 घालायचा आहे. 50, 70, 60 अशा वाटेने उतरलो की 60 च्या उजवीकडची जागा रिकामी दिसते. नेहमीच्या पद्धतीत आपण पांढऱ्या 60 वर "उजवीकडे 65" असं लिहून मोकळे झालो असतो. इथे पांढऱ्या चकतीला हात लावायचा नाही. पिवळ्या कागदावर 65 लिहायचा. मग पिवळा 60 करायचा, त्याच्या उजवीकडे 65. मग पिवळा 70: डावीकडे पिवळा 60, पण उजवीकडे तोच जुना पांढरा 80. शेवटी पिवळा 50: उजवीकडे पिवळा 70, डावीकडे तोच जुना पांढरा 30.

नव्या चकत्या झाल्या चार. पांढऱ्या 50 पासून निघालात तर सोमवारचे सात मार्ग जसेच्या तसे मिळतात. पिवळ्या 50 पासून निघालात तर मंगळवारचे आठ. 30, 20, 40 आणि 80 या चार चकत्या दोन्ही झाडांच्या आहेत, आणि आपण वाटून घेतलेल्या आहोत याची त्यांना काही खबर नाही. प्रत्येक आवृत्ती म्हणजे फक्त एका मुळाचा पत्ता. तेवढा वहीत टिपून ठेवला की तो दिवस कायमचा राहिला.

बुधवारी 45 येतो. हिरव्या कागदावर 45, 40, 30 आणि 50 अशा पुन्हा चार चकत्या. हिरव्या 50 च्या उजवीकडे मंगळवारचा पिवळा 70, हिरव्या 30 च्या डावीकडे सोमवारचा पांढरा 20. बुधवारच्या झाडात आता तिन्ही रंग आहेत. एकूण चकत्या पंधरा. तीन पूर्ण नकला काढल्या असत्या तर सात, आठ आणि नऊ मिळून चोवीस लागल्या असत्या.

छोट्या झाडात ही बचत बेताची वाटते. दहा लाख नोंदींचं झाड घ्या. ते समतोल असेल तर त्याची उंची साधारण वीस. म्हणजे नवी नोंद घालताना वीसेक नव्या नोडांत काम होतं, उरलेले सगळे जुनेच वापरात राहतात. रिकाम्या यादीपासून दहा लाखांपर्यंत जाताना प्रत्येक पायरीची पूर्ण नक्कल ठेवायची तर सुमारे 50 हजार कोटी नोड लागतील. वाटेची नक्कल केली तर दोनेक कोटी पुरतात. आणि दहा लाख आवृत्त्यांपैकी कुठल्याही आवृत्तीत शोधायला तेवढाच वेळ, जेवढा आजच्या यादीत.

हे सगळं पायथॉनमध्ये इतक्याच ओळींत मावतं:

```python
def insert(node, key):
    if node is None:
        return Node(key, None, None)
    if key < node.key:
        return Node(node.key, insert(node.left, key), node.right)
    if key > node.key:
        return Node(node.key, node.left, insert(node.right, key))
    return node
```

इथे कुठेही जुन्या नोडमध्ये काही लिहिलेलं नाही. प्रत्येक वळणावर नवा नोड बनतो: ज्या बाजूला उतरलो ती बाजू नवी, दुसरी बाजू जुनीच. चूक होते ती इथेच. सवयीने हात `node.left = insert(node.left, key)` असं लिहून जातो आणि तोच नोड परत देतो. माझ्या हातून हे झालेलं आहे, आणि ते दिवसभर लक्षात आलं नाही, कारण ताजी आवृत्ती अगदी बरोबर चालते. बिघडतो तो भूतकाळ. म्हणून तपासणी जुन्या मुळापासूनच करायला हवी: नवी नोंद घातल्यावर सोमवारच्या मुळापासून सगळे आकडे क्रमाने वाचायचे. सातच्या जागी आठ निघाले की कुणीतरी पांढऱ्या चकतीवर लिहिलं आहे हे नक्की. दुसरी चूक याच्या उलट दिसते. `insert` ने दिलेलं नवं मूळ कुठे ठेवलंच नाही तर जुनं सगळं शाबूत असतं, पण 65 कुठेच सापडत नाही.

आता पालकाच्या पत्त्याकडे येऊ. समजा प्रत्येक नोडमध्ये वरच्या नोडचाही पत्ता आहे. पिवळा 50 बनला की पांढऱ्या 30 चा पालक कोण म्हणायचा, पांढरा 50 की पिवळा? दोन्ही एकाच वेळी लिहिता येत नाहीत. म्हणून 30 चीही नक्कल करावी लागते. मग 20 आणि 40 चा पालक बदलतो, त्यांचीही नक्कल. असं करत अख्खं झाड पुन्हा लिहिलं जातं. एका जादा पत्त्यापायी सगळी वाटणी मोडते.

समतोलाचं दुखणंही खरं आहे. आकडे 1, 2, 3 असे चढत्या क्रमाने आले आणि झाड सावरलं नाही तर ते उजवीकडे लोंबणारी साखळी होतं. तेव्हा वाट म्हणजेच सगळं झाड, आणि वाटेची नक्कल म्हणजे पूर्ण नक्कल. म्हणून एव्हीएल किंवा रेड-ब्लॅक अशी स्वतःला सावरणारी झाडं घेतात. सावरताना काही नोड फिरवावे लागतात, पण तेही वाटेवरचे किंवा वाटेला लागून असलेले असतात. त्यांचीही आधी नक्कल करायची आणि मगच फिरवायचं, एवढंच पथ्य.

रंगांकडे पुन्हा पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. हिरव्या चकत्या पिवळ्या-पांढऱ्यांकडे बोट दाखवतात, पांढरी चकती कधीच पुढच्या रंगाकडे दाखवत नाही. त्यामुळे पत्त्यांचं वर्तुळ तयार होत नाही, आणि जुन्या आवृत्त्या टाकून देणं सोपं होतं. ज्या नोडकडे कुणीच बोट दाखवत नाही तो गेला. सोमवार आणि मंगळवार दोन्हींची मुळं सोडून द्या. पांढऱ्या चकत्यांपैकी फक्त 20 आणि 80 उरतात, पिवळ्यांपैकी 70, 60 आणि 65, हिरव्या चारही. बरोबर नऊ, बुधवारी जितके मार्ग होते तितकेच.

1980 च्या दशकात ही कल्पना अनेकांना वेगवेगळ्या निमित्ताने सुचली. ॲमस्टरडॅममध्ये टिमो क्रिनेन आणि लॅम्बर्ट मिर्टन्स यांनी 1983 मध्ये ती बी नावाच्या भाषेसाठी मांडली. तीच पुढे एबीसी झाली, आणि त्या एबीसीवर काम केलेल्या गिडो व्हॅन रॉसम यांनी नंतर पायथॉन घडवली. मला मात्र तिचा सर्वांत सुंदर उपयोग वाटतो तो नील सारनॅक आणि रॉबर्ट टार्जन यांनी 1986 मध्ये दाखवलेला, कारण त्यात काळाचा संबंधच नाही.

त्यांचा प्रश्न नकाशाचा होता. सरळ रेषांनी वेगवेगळ्या प्रदेशांत विभागलेला नकाशा आहे. एका बिंदूवर बोट ठेवलं तर तो कुठल्या प्रदेशात? डॉबकिन आणि लिप्टन यांनी 1976 मध्ये सुचवलं होतं की रेषांच्या प्रत्येक टोकातून उभी रेघ मारा. नकाशाच्या उभ्या पट्ट्या पडतात. एका पट्टीच्या आत रेषा एकमेकींना छेदत नाहीत, म्हणून त्या वरून खाली क्रमाने लावता येतात आणि बिंदूच्या लगेच वरची रेषा शोधता येते. पण प्रत्येक पट्टीची स्वतंत्र यादी ठेवायची तर 10 हजार रेषांच्या नकाशात नोंदी कोट्यवधी होऊ शकतात.

सारनॅक आणि टार्जन यांनी ओळखलं की शेजारच्या दोन पट्ट्यांच्या याद्या जवळजवळ सारख्याच असतात. एक रेष संपते, एखादी सुरू होते, बस्स. मग डावीकडून उजवीकडे जाणं म्हणजेच सोमवारकडून मंगळवारकडे जाणं. प्रत्येक रेष सुरू होताना झाडात घातली जाते, संपताना काढली जाते, आणि प्रत्येक पट्टीचं मूळ टिपून ठेवलं जातं. वाटेची नक्कल वापरली तर 10 हजार रेषांसाठी 20 हजार बदल आणि तीन-चार लाख नोड होतात.

हा 'लाख' हा आकडाही सारनॅक आणि टार्जन यांना पुरेसा लहान वाटला नाही. एका बदलासाठी अख्ख्या वाटेची नक्कल का करायची, असं त्यांनी विचारलं. नोडमध्येच थोडी मोकळी जागा ठेवायची, बदल तिथे तारखेसह टिपायचा, आणि जागा भरली तरच त्या एका नोडची नक्कल करायची. जेम्स ड्रिस्कॉल आणि डॅनियल स्लेटर यांच्यासह त्यांनी ही रीत इतर रचनांसाठीही मांडली. तिच्यात जागा रेषांच्या संख्येच्या ठरावीक पटीत मावते. वाटेची नक्कल तरीही मागे पडली नाही, कारण तिच्या जुन्या आवृत्तीवरही नवी नोंद घालता येते. सोमवारच्या पांढऱ्या मुळावर आज 35 घातला तर चार नव्या चकत्या लागतात, आणि 65 कधी आलाच नाही असा दुसरा इतिहास पहिल्याच्या शेजारी उभा राहतो. नोडमधल्या मोकळ्या जागेवर तारखा सरळ रेषेत लिहिलेल्या असतात, आणि इतिहासाला अशा दोन फांद्या फुटल्या की त्या तारखांचा क्रम लावणं बरंच अवघड होऊन बसतं.