कपाटातली हवा आणि डिस्कचा ताप

घरातले फोटो, व्हिडिओ, कागदपत्रांचे स्कॅन एकाच जागी राहावेत म्हणून पुष्कळ घरांत आता नॅस असतो. दोन हार्ड डिस्क असलेली, राउटरला जोडलेली, चोवीस तास चालणारी ही लहानशी पेटी. तिची घरघर नको, लुकलुकणारे दिवे नकोत, म्हणून ती टीव्हीखालच्या किंवा भिंतीतल्या कपाटात जाते आणि दार लागतं. डिसेंबरात यानं काही बिघडत नाही. नागपुरात मे महिना लागला की मात्र दुपारी कधीतरी फोनवर इशारा येतो: डिस्क ५७ अंशांवर. मग लोक विचारतात, डिस्क खराब झाली का? बहुतेक वेळा डिस्क धडधाकट असते. तिला मिळणारी हवा तापलेली असते.

आधी मर्यादा पाहू. नॅससाठी बनवलेल्या हार्ड डिस्कची कंपनीनं दिलेली वरची सीमा साधारण ६० ते ७० अंश सेल्सियस असते, मॉडेलप्रमाणे थोडी वेगळी. ही सीमा म्हणजे मुक्कामाची जागा नव्हे. ३० ते ४५ अंशांत डिस्क निवांत चालते, ५० ला लक्ष घालावं आणि ५५ दिसले की त्याच दिवशी काहीतरी करावं, असं मी मानतो. गूगलनं २००७ साली आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यम तापमानात उष्णता आणि बिघाड यांचं सरळ नातं त्यात आढळलं नाही. वाढ दिसली ती फार वरच्या तापमानाला, आणि जुन्या डिस्कमध्ये अधिक. म्हणून ४३ चे ४० करण्यासाठी जिवाचा आटापिटा नको. पण तीन-चार वर्षं झालेली डिस्क रोज दुपारी ५७ पर्यंत जात असेल, तर ते चालवून घेऊ नये.

दुसरी मर्यादा सहसा कोणी वाचत नाही. घरगुती नॅसच्या माहितीपत्रकात भोवतालच्या हवेचं तापमान दिलेलं असतं: बहुतेक ठिकाणी ० ते ४० अंश. ही हवा म्हणजे खोलीतली नव्हे, कपाटातली. कारण पेटीचा पंखा तीच आत ओढतो.

त्यामुळे मोजायच्या गोष्टी दोन. एक, डिस्कचं तापमान, जे नॅसच्या पडद्यावर दिसतंच. दुसरं, पेटीत हवा शिरते त्या बाजूचं तापमान. त्यासाठी साधा डिजिटल थर्मामीटर कपाटात, पेटीच्या हवा घेणाऱ्या जाळीजवळ ठेवायचा आणि तासाभरानं आकडा पाहायचा. दोन्हींतला फरक साधारण ८ ते १२ अंश असेल तर पेटीचा पंखा आपलं काम करतोय. डिस्क तापली असेल तर दोष कपाटाचा. फरक १५-२० वर गेला तर दोष पेटीचा: जाळीत धूळ साचली आहे, पंखा मंदावला आहे, किंवा तो सेटिंगमध्ये शांत मोडवर ठेवलेला आहे. ही वजाबाकी केल्याशिवाय पंखा विकत आणू नये.

तुम्ही कामावर असताना काय घडलं, हे बहुतेक डिस्क स्वतःच लक्षात ठेवतात. नॅसवर कमांड लिहिता येत असेल आणि smartctl उपलब्ध असेल तर:

```
sudo smartctl -l scttemp /dev/sda
```

उत्तरात `Lifetime Min/Max Temperature` ही ओळ शोधा. डिस्कनं आजवर पाहिलेलं सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान तिथे असतं. डिस्कचं नाव तुमच्या पेटीत वेगळं असू शकतं.

आता नागपूरचं एक घर धरू. घरचे बाहेर, कूलर बंद, खोली ३७ अंशांवर. साधारण ६० सेंमी लांबी-उंचीच्या प्लायवूडच्या कपाटात नॅस, त्याचा अडॅप्टर आणि राउटर. नॅस साधारण २० वॅट घेतो, राउटर १०. ही ३० वॅट वीज अखेर सगळी उष्णताच होते. दार बंद असताना ती फक्त प्लायवूडमधून झिरपून बाहेर जाऊ शकते, आणि प्लायवूड उष्णता नाखुशीनंच सोडतं. हिशोबानं आतली हवा खोलीपेक्षा ११-१२ अंशांनी चढते: ४८. त्यावर डिस्कचे ९ अंश. झाले ५७. फोनवर आलेला आकडा हाच.

ही उष्णता हवेबरोबर बाहेर काढायची आणि कपाट खोलीपेक्षा पाचच अंश गरम ठेवायचं, तर दर सेकंदाला साधारण पाच लिटर हवा बदलायला हवी. गरम हवा आपोआप वर चढते, म्हणून खाली एक आणि वर एक फट ठेवली तर विनापंख्याचंही जमतं. पण सुतार वायरीसाठी पाडतो ते रुपयाएवढं भोक इथे काहीच कामाचं नाही. कपाटाच्या एवढ्याशा उंचीत हवेला मिळणारा रेटा फार क्षीण असतो, म्हणून दोन्ही फटी जवळपास ३० बाय १० सेंमी मोकळ्या लागतात. जाळी बसवली तर तिच्या पट्ट्यांनी अडवलेली जागा वजा करून तेवढी. असं केलं की आतली हवा ४२ आणि डिस्क ५१.

तेवढं कापणं शक्य नसेल तर वरच्या भोकावर संगणकाचा १२० मिलिमीटरचा पंखा बाहेर तोंड करून बसवावा. त्यानं आतली गरम हवा बाहेर फेकायची आणि थंड हवा खालून आपोआप येऊ द्यायची. सावकाश फिरवला, जाळीनं निम्मी हवा अडवली, तरी सेकंदाला दहा लिटर सहज निघते. कपाट ३९-४० वर येतं, डिस्क ४९ च्या आत. राउटर बाहेर टांगला तर आणखी एक अंश कमी. यूपीएस आत असेल तर तोही बाहेर काढा. त्यातली लेड-ॲसिड बॅटरी उष्णतेनं डिस्कच्याही आधी म्हातारी होते.

एक चूक सर्रास दिसते. नॅस मागच्या फळीला टेकवलेला असतो. मागून निघालेली गरम हवा फळीवर आपटून बाजूनं पुढे येते आणि पेटी तीच पुन्हा ओढते. मागे वीतभर नाही तरी आठ-दहा सेंमी जागा सोडा आणि वरचं भोक त्या मागच्या बाजूलाच पाडा.

खोली ३७ असताना कोणताही पंखा डिस्कला खोलीच्या खाली नेणार नाही. कूलर चालू होऊन खोली ३१ वर आली की तेवढेच सहा अंश डिस्कही उतरते. मात्र कूलरचा झोत थेट पेटीवर घेऊ नका; त्याच्याबरोबर पाण्याचे बारीक थेंब आणि क्षार येतात.

माळ्यावर ठेवलेल्या नॅसची गोष्ट थोडी निराळी आहे. वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खाली सोडतो. पुष्कळांचा बॅकअप आणि महिन्याची डिस्क तपासणी नेमकी रात्री अकरा-बाराला लावलेली असते. डिस्क तासन्‌तास पूर्ण राबते ती अशा वेळी. उन्हाळ्यापुरतं ते पहाटे चारला हलवा. माळा त्या सुमारास सर्वांत थंड असतो. तपासणी लांबली तर नऊ-दहाला थांबवून दुसऱ्या पहाटे पुढे चालू करता येते का, ते सेटिंगमध्ये पाहा.

डिस्क साठीच्या पुढे गेली की अनेक नॅस स्वतःहून बंद होतात. ती शेवटची कडी. इशाऱ्याचा आकडा बदलता येत असेल तर तो ५० वर आणा आणि फोनवर सूचना चालू ठेवा. सुट्टीत गावाला जाताना घर बंद, कूलर बंद आणि बाहेरून फायली लागणार नसतील, तर नॅस रीतसर शटडाउन करून जा. घरी आल्यावर खोली निवली की मगच सुरू करा.