नोटिशीचं उत्तर आणि पाच एमबीची चौकट

प्राप्तिकर खात्याची नोटीस आली की तिचं उत्तर आता कार्यालयात नेऊन द्यायचं नसतं. ई-फायलिंग पोर्टलवर `Pending Actions` खाली `e-Proceedings` उघडायचं, नोटीस वाचायची आणि `Submit Response` वर जाऊन कागद जोडायचे. इथपर्यंत बहुतेक जण पोहोचतात. मजकूर तयार असतो, कागद स्कॅन केलेले असतात, आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी पोर्टल फाइल नाकारतं. एका फाइलला पाच एमबीची मर्यादा आहे.

समजा, सांगलीतल्या एका हळद व्यापाऱ्याकडे १९६१च्या कायद्याच्या कलम १४२(१)खाली वर्षभराचा बँकेचा उतारा मागितला आहे. उतारा बासष्ट पानांचा. झेरॉक्सवाल्याने तो ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करून दिला. अशा एका पानाला सहज अर्धा ते पाऊण एमबी लागतो, म्हणजे अख्खी फाइल तीस-चाळीस एमबीच्या घरात जाते. पाच एमबीत बासष्ट पानं बसवायची तर पानाला जेमतेम ८२ केबी मिळतात.

स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यावर अक्षरं कमी असोत की जास्त, यंत्र पांढऱ्या जागेचेही ठिपके मोजतं. ३००ऐवजी १५० डीपीआय घेतलं तर ठिपके निम्मे होत नाहीत, एक चतुर्थांश होतात, कारण लांबी आणि रुंदी दोन्हीकडून ते घटतात. रंग काढून करडं स्कॅन केलं की आणखी बचत होते. आकडे तरीही स्वच्छ वाचता येतात. आपल्या व्यापाऱ्याची फाइल अशाने साधारण नऊ-दहा एमबीवर येईल. मग ती एकवीस, एकवीस आणि वीस पानांच्या तीन भागांत तोडायची आणि नावं द्यायची `Bank_1`, `Bank_2`, `Bank_3`. नावात `&` किंवा `#` अशी चिन्हं आणि देवनागरी अक्षरं टाळलेली बरी. इंटरनेटवरच्या फुकट साइटवर फाइल बारीक करून घेण्याचा मोह होतो, पण बँकेचा उतारा अनोळखी संगणकावर चढवणं मला धोक्याचं वाटतं.

खरं तर स्कॅनची गरजच नव्हती. नेटबँकिंगमधून घेतलेल्या उताऱ्यात फोटो नसतात, अक्षरं असतात, त्यामुळे तेवढीच पानं सहसा काहीशे केबीत मावतात. फक्त अशा पीडीएफला बँकेने बहुधा पासवर्ड लावलेला असतो. तो तसाच राहिला तर फाइल नाकारली जाईल किंवा चढली तरी अधिकाऱ्याला उघडणार नाही. पासवर्ड टाकून फाइल उघडावी, प्रिंटमध्ये जाऊन `Save as PDF` निवडावं, की बिनकुलुपाची प्रत तयार होते.

मोबाइलवर काढलेला फोटो नाकारला जातो तेव्हा काही जण नावाच्या शेवटचं `.jpg` खोडून `.pdf` लिहितात. नाव बदलतं, आतली फाइल तीच राहते. फोटोही प्रिंटमधूनच पीडीएफ करावा लागतो.

यापेक्षा महागात पडते ती `Partial Response` आणि `Full Response` यांतली निवड. जोडायच्या फायली दहापेक्षा जास्त असतील किंवा काही कागद यायचे असतील, तर `Partial` निवडून उत्तर टप्प्याटप्प्याने देता येतं. `Full` म्हणजे माझं सांगून झालं. घाईत ते निवडलं आणि मग खरेदीची बिलं राहिल्याचं लक्षात आलं, तर ती जोडायला वाट सापडत नाही. शंका असेल तर `Partial`च बरं.

कधी कधी कागद जोडायची जागाच दिसत नाही. तो दर वेळी पोर्टलचा बिघाड नसतो. कलम १३९(९)ची, म्हणजे सदोष विवरणपत्राची नोटीस मुळात पुरावे मागतच नाही. दोष मान्य असेल तर दुरुस्त विवरणपत्र भरायचं, नसेल तर कारण लिहायचं. तिथे उतारा जोडायची जागा शोधण्यात अर्थ नाही. याउलट १४२(१)च्या नोटिशीत उत्तराचं बटणच गायब असेल, तर आधी मुदत आणि प्रकरणाची स्थिती पाहावी. मुदत उलटली असेल किंवा प्रकरण बंद झालं असेल तर खिडकीही मिटलेली असते.

खरोखरच पोर्टल अडलं असेल तर मुदत संपण्याआधी तिथेच `Adjournment`चा पर्याय वापरून कारणासह मुदतवाढ मागावी आणि चुकीचा संदेश, तारीख व वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवावा. पोर्टलवरच्या तक्रार विभागात तक्रारही नोंदवावी. हा खटाटोप अनाठायी नाही. १४२(१)ला उत्तर गेलं नाही तर अधिकारी कलम १४४खाली हाती असलेल्या माहितीवरून उत्पन्न ठरवू शकतो, आणि दहा हजार रुपयांचा दंड वेगळा.

उत्तर गेलं की पोर्टल पोच दाखवतं. ती जपून ठेवावीच, पण दाखल केलेलं उत्तर पुन्हा उघडून प्रत्येक जोडलेली फाइल उतरवूनही पाहावी. तीनपैकी दोनच उतारे चढले असतील, तर ते तिथेच कळतं.