वहिनीला पहिला मेसेज

लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात नव्या सुनेला सूचनांचा तोटा नसतो. माप ओलांडताना उजवा पाय पुढे टाक, आत्याबाईंच्या पाया पडायची राहिलीस, सत्यनारायणाला ती हिरवीच साडी नेस, उखाणा जरा मोठ्यानं घे. दिवसभर हे ऐकून रात्री ती फोन हातात घेते, तर नणंदेचा स्वागताचा मेसेज आलेला असतो. मनापासून लिहिलेला असतो, यात शंका नाही. पण नीट वाचला तर पुष्कळदा त्यातही सूचनाच असतात, फक्त शेवटी बदाम आणि फुलं असतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, धाकटी नणंद पुण्यात नोकरी करते. दादाचं लग्न सोलापूरला झालं. पूजा आटोपून परतीच्या गाडीत बसल्यावर तिनं लिहिलं:

‘प्रिय वहिनी, आमच्या घरात तुझं मनापासून स्वागत! आजपासून तू आमची सून नाहीस, मुलगीच आहेस. मला बहीण नव्हती, ती देवानं तुझ्या रूपानं दिली. दादा जरा हट्टी आहे, पण मनानं सोनं आहे, त्याला सांभाळून घे. आईबाबांना आता तुझाच आधार. काहीही लागलं तर हक्कानं सांग. आणि लवकर गोड बातमी दे!’

असे मेसेज घरोघरी जातात आणि लिहिणारीच्या मनात काही वाईट नसतं. तरी वाचणारीच्या जागी बसून बघा. ‘आमच्या घरात’ म्हटलं की घर कुणाचं ते पहिल्याच वाक्यात ठरलं. ‘मुलगीच आहेस’ ऐकायला गोड आहे, पण तिला आईवडील आहेत आणि पाठवणीच्या वेळी त्यांना सोडताना ती रडलेली आहे. त्या जखमेवर दोनच दिवसांत नवं नातं चिकटवायची घाई कशाला? बहिणीचं वाक्य तर आणखी अवघड. नणंदेची आयुष्यभराची उणीव भरून काढायचं काम तिच्याकडे आलं आणि तिनं ते मागितलेलंही नव्हतं. मग दादाला सांभाळायचं, आईबाबांना आधार द्यायचा. गोड बातमीबद्दल बोलायलाच नको. सहा-सात ओळींत कामांची यादी तयार झाली.

म्हणून पाठवण्याआधी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारावा: हे वाचून तिच्यावर काही करण्याची, होण्याची किंवा वाटून घेण्याची जबाबदारी पडते का? पडत असेल तर ते वाक्य काढावं. या कसोटीला ‘हक्कानं सांग’सुद्धा टिकत नाही. काय सांगायचं, कधी सांगायचं, किती हक्क, हे सगळं तिनंच ठरवायचं असतं, त्यामुळे ती काहीच सांगत नाही.

मग उरतं काय? पुष्कळ उरतं. तिच्याबद्दल आपल्याला खरोखर दिसलेली एखादी गोष्ट, घरात वावरायला उपयोगी पडेल अशी एखादी माहिती आणि हवं तर घ्यावं, नको तर राहू द्यावं असं काहीतरी देऊ करणं. तोच मेसेज पुन्हा लिहिला तर असा होईल:

‘वहिनी, मी पोचले पुण्याला. उखाण्यात दादाचं नाव घ्यायच्या आधी तू मुद्दाम थांबलीस ना, तेव्हा बाबा इतके हसले! त्यांना असं हसताना मी खूप दिवसांनी पाहिलं. बाय द वे, मागच्या बाथरूमच्या गीझरचं बटण स्वयंपाकघरात आहे, फ्रीजच्या मागे. पाहुण्यांना ते कधीच सापडत नाही. आणि सकाळचा पहिला चहा बाबाच करतात, तो मान ते कुणाला देत नाहीत. दादाचे शाळेतले फोटो माझ्याकडे आहेत. बघायचे असतील तेव्हा माग, त्याला विचारायची गरज नाही. दिवाळीत येतेय, तेव्हा भेटू. उत्तराची घाई नाही.’

यात ‘स्वागत’ हा शब्दच नाही. पण गीझरचं बटण कळल्यामुळे उद्या सकाळी सासूबाईंना संकोचत विचारावं लागणार नाही, हे स्वागतच आहे. चहाचं वाक्यही नीट बघा. ‘सकाळी लवकर उठू नकोस गं’ असं नणंदेनं लिहिलं असतं तर ती सूचना झाली असती, आणि आईचं मत वेगळं असेल तर वहिनी मधल्यामध्ये अडकली असती. बाबा चहा करतात एवढं सांगितलं, पुढचं तिचं तिला कळतं.

कौतुक कशाचं करायचं, यातही एक मेख आहे. ‘पंगतीत तू सगळ्यांना किती प्रेमानं वाढलंस’ हे कौतुक वाटतं, पण ते कामाचं कौतुक आहे आणि पुढच्या प्रत्येक पंगतीत तिच्या हाती वाढपाचं भांडं देऊन जातं. उखाण्यातला तिचा खट्याळपणा मात्र तिचा स्वतःचा आहे. तिची सेवा नव्हे, ती स्वतः आपल्याला दिसली, हे त्यातून तिला कळतं.

नावाकडेही लक्ष हवं. काही घरांत आजही ताटातल्या तांदळांत सुनेचं नवं नाव लिहितात. सगळ्याच मुलींना ते आवडतं असं नाही, आणि लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. धाकट्या नणंदेची ‘वहिनी’ म्हटल्यानं सोय होते. पण मोठी नणंद धाकट्या भावाच्या बायकोला नावानंच हाक मारणार, तेव्हा ती स्वतः जे नाव सांगते तेच लिहावं. साखरपुड्यापासून ‘अगं’ म्हणत असाल तर आता ‘अहो’वर जाऊ नये, आणि ‘अहो’ म्हणत असाल तर एकदम सलगीही दाखवू नये.

बहिणीच्या नवऱ्याला लिहिताना रोग वेगळा असतो. ‘दाजी, आमच्या ताईच्या डोळ्यांत कधी पाणी येऊ देऊ नका’ हे वाक्य भाऊ हमखास लिहितो. ते प्रेमापोटी येतं, पण वाचताना दम दिल्यासारखं लागतं. कानपिळीत कान जरा जास्तच पिळला गेला आणि फोटोतला तुमचा चेहरा बघण्यासारखा आहे, असं लिहून तो फोटो पाठवला तरी पुरे. पुरुषांमधल्या मेसेजला एवढं प्रेम झेपतं.

वेळेचं म्हणाल तर लग्नाच्या दिवशी नको. त्या दिवशी नवरीचा फोन कुठल्या मावशीच्या पर्समध्ये असतो ते तिलाही माहीत नसतं, आणि शेकडो शुभेच्छांत आपला मेसेज बुडतो. तिसरा-चौथा दिवस बरा, किंवा ती माहेरी जाऊन परत येते तेव्हा. मेसेज तिला एकटीलाच पाठवायचा. कुटुंबाच्या ग्रुपवर सगळ्यांदेखत स्वागत केलं की तिला सगळ्यांदेखत आभार मानावे लागतात, तेही आजेसासऱ्यांपर्यंत सगळे वाचणार आहेत हे मनात धरून. तिला त्या ग्रुपमध्ये घ्यायचं तर आधी विचारा. सकाळच्या गुड मॉर्निंगच्या फुलांची सवय प्रत्येकाला नसते.

मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर आलं नाही, तर काही करू नका. ‘मिळाला का?’ विचारू नका आणि दादाकरवी चौकशीही करू नका. उत्तराची घाई नाही असं तुम्हीच लिहिलं आहे, तो शब्द पाळा.