ओटीपीचं पान उघडत नाही? पुन्हा पैसे भरण्याआधी हे वाचा



३१ जुलैला बंदी संपते आणि दुसऱ्या दिवशी बोटी दर्यात जातात. त्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्या एका ट्रॉलरमालक भावाने जेटीवर उभं राहून वारा-लाटांचा अंदाज देणाऱ्या ॲपची वर्षाची वर्गणी भरायला घेतली. रक्कम ₹८९९. कार्डाचा नंबर टाकला, 'पे' दाबलं, आणि समोर नुसतं पांढरं पान. गोल चक्र फिरत राहिलं, शेवटी 'वेळ संपली'. दोनदा केलं, दोन्ही वेळा तेच. त्याला वाटलं ॲप बिघडलं.

खरं तर ते पान ॲपचं नसतंच. ते तुमच्या बँकेचं असतं. कार्ड तुमचंच आहे ना, हे बँक ओटीपी घेऊन तपासते आणि मग ॲपला 'होय' कळवते. ॲप ते पान आपल्या पोटात एका छोट्या ब्राउझरमध्ये उघडतं. त्यामुळे गाडी कुठे अडली ते आधी बघा.

पान पांढरं आणि ओटीपीही आला नाही: बहुतेक वेळा फोनची विनंती बँकेपर्यंत पोचलेलीच नसते. नेटवर्क किंवा फोनची सेटिंग बघा.

ओटीपी आला, पण पान पांढरंच: बँकेपर्यंत निरोप गेला, पान दाखवण्यात फोन अडला.

ओटीपी टाकला आणि मग चक्र फिरत राहिलं: इथे सांभाळा. पैसे कापले गेले असू शकतात.

म्हणून पहिलं काम एकच. पुन्हा 'पे' दाबण्याआधी बँकेचा मेसेज किंवा खात्याचा हिशेब बघा. पैसे गेले असतील तर दुसऱ्यांदा भरू नका. ॲप बंद करून उघडा, वर्गणी चालू झाली का बघा. गेले नसतील तर पुढचं क्रमाने करा.

१. जागा बदला. जेटीवर सिग्नल कमी-जास्त होत राहतो आणि या पानाला मुदत काही मिनिटांचीच असते. घरच्या वायफायवर करून बघा. वायफायवरच अडत असेल तर मोबाईल डेटावर करा.

२. फोनची तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक'वर ठेवा. वेळ चुकीची असेल तर बँकेचं सुरक्षित पान फोन नाकारतो.

३. व्हीपीएन आणि जाहिराती अडवणारं ॲप बंद करा. सेटिंगमध्ये Private DNS शोधा. तिथे कुठलं नाव भरलेलं असेल तर तेवढ्यापुरतं Off करा.

४. अँड्रॉइड फोन असेल तर प्ले स्टोअरवर Android System WebView आणि Chrome अपडेट करा. तो पोटातला ब्राउझर यांच्यावरच चालतो. मग फोन एकदा बंद-चालू करा.

५. ओटीपी वाचायला मेसेजचं ॲप उघडू नका. कमी मेमरीच्या फोनमध्ये तेवढ्यात मागचं पान मरतं. वरची सूचना खाली ओढून तिथूनच आकडे वाचा. पान चालू असताना 'बॅक'ही दाबू नका.

आपल्या भावाच्या फोनवर तिसऱ्या नंबरचीच गोष्ट निघाली. मुलाने जाहिराती येऊ नयेत म्हणून Private DNS मध्ये एक पत्ता भरला होता. बँकेच्या पानाला लागणारी एक साईट त्यात अडत होती. Off केल्यावर पान लगेच उघडलं, वर्गणी भरली गेली.

एवढं करूनही पान येत नसेल तर यूपीआयने भरा. त्यात हे पान लागतच नाही. आणि पान नीट उघडून 'व्यवहार नाकारला' असं येत असेल तर तो वेगळा आजार. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डावर ऑनलाईन व्यवहार चालू आहे का बघा. नव्या कार्डावर तो आपण स्वतः चालू करावा लागतो.

पैसे कापले पण वर्गणी मिळाली नाही, तर? अशा ऑनलाईन कार्ड व्यवहाराचे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत, हा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला ₹१०० भरपाई. मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला फोन करा. गुगलवर 'कस्टमर केअर' शोधून मिळालेल्या नंबरवर करू नका. पैसे परत करतो म्हणून ओटीपी मागणारा किंवा स्क्रीन दाखवायला सांगणारा माणूस चोरच समजा.

आणि वर्गणी अडली म्हणून अंदाज न बघता बोट सोडू नका. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि इन्कॉइसचा लाटांचा अंदाज फुकट मिळतो. तांडेलाला तो दाखवा, वर्गणीचं नंतर बघता येईल.