बीपी उतरलं, पाय मात्र सुजले

रक्तदाबाची गोळी वाढवली की बीपी खाली येतं आणि काही दिवसांत घोटे फुगतात, हा अनुभव बऱ्याच घरांना आहे. गोळी बहुतेक वेळा ॲम्लोडिपिन असते. घरच्यांना कोडं पडतं ते रास्तच आहे. दाब वाढल्यावर पाणी बाहेर पडलं असतं तर समजण्यासारखं होतं. इथे दाब उतरल्यावर पाय कसे सुजले?

बासष्ट वर्षांचे एक निवृत्त शिक्षक डोळ्यांसमोर आणू. ५ मिलिग्रॅमच्या गोळीवर बीपी दीडशेच्या खाली येत नव्हतं म्हणून डॉक्टरांनी १० केली. बीपी १३०/८० वर आलं. पण संध्याकाळी मोजे काढले की इलॅस्टिकचा खोल वळ दिसू लागला. नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरला तर खड्डा पडायचा आणि तो सावकाश भरायचा. सकाळी उठल्यावर सूज बरीच ओसरलेली असायची. लघवीची तपासणी, क्रिएटिनीन, हृदयाची इको, सगळं ठीक. शेजाऱ्यांनी निदान केलं, ‘अंगात पाणी झालंय, मीठ तोडा.’ मग कोणीतरी लघवीची गोळी जोडून दिली. त्यामुळे मास्तरांना रात्री तीनदा उठावं लागू लागलं, पण घोटे होते तसेच राहिले.

अंगात पाणी जास्त झालं म्हणून सूज आली, हे इथे खरं नाही. पाणी आहे तितकंच आहे, त्यातलं थोडं चुकीच्या बाजूला गेलंय. ते कसं गेलं हे कळण्यासाठी केशवाहिनीच्या भिंतीजवळ जावं लागेल.

केशवाहिनी म्हणजे तांबड्या पेशीला जेमतेम एकेरी रांगेत जाता येईल इतकी बारीक रक्तनळी. तिची भिंत पेशींच्या एकाच थराची असते. पाणी, मीठ, साखर यांना त्या थरातल्या फटींतून ये-जा करता येते. अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिनं मात्र बहुतांशी आतच अडकून राहतात. त्यामुळे या भिंतीवर दोन बळांची रस्सीखेच सतत चालू असते. आतल्या रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो आणि आत अडकलेली प्रथिनं ते आत ओढून धरतात.

ही रस्सीखेच नीट मांडली ती अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने, १८९६ साली. त्या काळी ब्रेस्लाऊचे हायडेनहाइन म्हणत, की केशवाहिनीच्या पेशी हा द्रव ग्रंथींसारखा स्रवतात. स्टार्लिंगने एका कुत्र्याच्या मागच्या एका पायात मिठाचं पाणी टोचून तो सुजवला, दुसरा तसाच ठेवला आणि दोन्ही पायांतून रक्त फिरवलं. सुजलेल्या पायातून बाहेर आलेलं रक्त पातळ झालं होतं, म्हणजे ऊतींतलं पाणी त्यात शिरलं होतं. पाणी आत ओढणारं काहीतरी रक्तात आहे आणि ते म्हणजे त्यातली प्रथिनं, हे त्याने त्यावरून दाखवलं. कोणत्याही स्रवणाऱ्या पेशीची गरज उरली नाही.

आता थोडा हिशेब. आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये आहेत, म्हणजे बीपी मोजतो त्याच मापात. केशवाहिनीतला सरासरी दाब सुमारे १७. बाहेरच्या ऊतींत किंचित उणा दाब असतो, तोही पाणी ३ च्या जोराने बाहेर खेचतो. निसटून बाहेर गेलेल्या थोड्या प्रथिनांची ओढ ८. एकूण २८. उलट बाजूला रक्तातल्या प्रथिनांची ओढ, तीही जवळपास २८. बरोबरी झाली म्हणावं, तर बाहेरचं पारडं अगदी नावापुरतं जड असतं, मिलिमीटरच्या एखाद्या अंशाने. पण तेवढ्यानेही मिनिटाला दोनेक मिलिलिटर, म्हणजे दिवसाला जवळजवळ तीन लिटर द्रव बाहेर राहून जातो. शरीरातला सगळा रक्तद्रवच तीन लिटरच्या आसपास असतो. हे पाणी गोळा करून परत रक्तात आणून सोडण्याचं काम लसिकावाहिन्या करतात. त्या नसत्या तर एका दिवसात आपलं रक्त आटून गेलं असतं.

हा झाला हृदयाच्या पातळीवरचा हिशेब. माणूस उभा राहिला की हृदयापासून घोट्यापर्यंतचा रक्ताचा सबंध स्तंभ पायातल्या शिरांवर उभा राहतो आणि तिथला दाब ९० च्या घरात जातो. वरच्या हिशेबाने पाहिलं तर उभं राहणाऱ्या प्रत्येकाचे पाय सुजायला हवेत. सुजत नाहीत, कारण तीन बंदोबस्त आहेत. चालताना पोटरीचे स्नायू शिरा पिळतात आणि दाब पंचवीस-तीसपर्यंत खाली आणतात. उभं राहताच केशवाहिनीच्या आधीच्या बारीक धमन्या, म्हणजे धमनिका, आपोआप आवळतात आणि रक्त कमी येऊ देतात. तरीही पाणी झिरपलंच, तर लसिकेचा वेग वाढतो आणि बाहेर आलेली प्रथिनंही धुऊन नेली जातात, त्यामुळे बाहेरची ओढ घटते. केशवाहिनीतला दाब साधारण १७ मिलिमीटरने वाढेपर्यंत हा सगळा बंदोबस्त पुरतो, असा गायटन यांचा अंदाज होता. त्यानंतर सूज दिसू लागते.

मास्तरांची गोळी नेमकी दुसऱ्या बंदोबस्तावर हात मारते. ॲम्लोडिपिन धमनिकांचे स्नायू सैल करतं, बीपी उतरतं ते त्यामुळेच. पण केशवाहिनीच्या पलीकडच्या बारीक शिरा ते फारशा सैल करत नाही. शेताला पाणी देताना वरचं दार उघडलं आणि खालची वाट तशीच अरुंद ठेवली, तर सरी तुडुंब भरते. तसंच इथे होतं. मोठ्या धमनीतला दाब कमी झालेला असतो, पण त्यातला पूर्वीपेक्षा मोठा वाटा केशवाहिनीपर्यंत पोचतो. एरवी धमनिका आवळलेल्या असतात, म्हणून दंडावर मोजलेलं १६० बीपी केशवाहिनीला जाणवतही नाही. नुसत्या वाढलेल्या बीपीने घोटे सुजत नाहीत ते यामुळेच. शिवाय उभं राहिल्यावर धमनिका आवळण्याची ती प्रतिक्रियाही या गोळीमुळे मंदावते. म्हणून सूज पायांत येते, संध्याकाळी वाढते आणि रात्री आडवं झाल्यावर उतरते. औषधाच्या माहितीपत्रकानुसार ५ मिलिग्रॅमवर शंभरातल्या सुमारे तिघांना आणि १० वर अकराजणांना हा त्रास होतो. बायकांना तो जास्त होतो.

लघवीची गोळी इथे का लागू पडली नाही, तेही आता कळेल. ती सबंध शरीरातलं मीठ-पाणी कमी करते. पण पाणी जास्त झालेलंच नव्हतं आणि धमनिका तर उघडीच राहिली. घोट्यावर फरक थोडाच पडतो. रक्तातलं सोडियम किंवा पोटॅशियम मात्र घसरू शकतं, एखाद्याला गाऊटचा झटकाही येतो. मग त्यासाठी आणखी एक औषध. वयस्कर माणसांच्या गोळ्यांच्या डब्या अशा वाढत जातात आणि पहिली गोळी कोणती होती हे कोणी मागे वळून पाहत नाही. मला यात सगळ्यात खटकतं ते हेच.

योग्य उपाय दोन. एक म्हणजे मात्रा पुन्हा ५ वर आणणं. दुसरा म्हणजे टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखं औषध जोडणं. ही औषधं पलीकडच्या बारीक शिराही सैल करतात, खालची वाट मोकळी होते आणि केशवाहिनीतला दाब उतरतो. मास्तरांना ॲम्लोडिपिन ५ आणि टेल्मिसार्टन ४० दिलं, लघवीची गोळी बंद केली. काही आठवड्यांत मोज्यांचा वळ पुसट झाला आणि बीपीही ताब्यात राहिलं. हे बदल डॉक्टरांनीच करायचे. पाय सुजले म्हणून गोळी परस्पर सोडली की बीपी पुन्हा चढतं.

दुसरं बळ ढासळलं तर चित्र वेगळं दिसतं. पाच वर्षांचं मूल सकाळी उठतं ते पापण्या सुजलेल्या घेऊन, आई म्हणते रात्री काहीतरी चावलं असेल. दोन दिवसांत चेहरा, पोट, पाय सगळंच फुगतं आणि लघवीला साबणासारखा फेस येतो. जुने डॉक्टर अशी लघवी परीक्षानळीत तापवून बघत. वरचा भाग दुधासारखा पांढरा झाला आणि ॲसेटिक आम्लाचे दोन थेंब टाकूनही तसाच राहिला, तर लघवीत अल्ब्युमिन आहे हे ठरलं. हा नेफ्रोटिक सिंड्रोम. मूत्रपिंडाच्या चाळणीतून अल्ब्युमिन वाहून जातं, रक्ताची ओढ कमी पडते आणि पाणी बाहेर राहतं. रात्रभर आडवं झोपल्याने ते पायांऐवजी पापण्यांच्या सैल कातडीत साठतं.

तरीही अल्ब्युमिन घटलं म्हणजे सूज आलीच, असं समीकरण पक्कं नाही. जन्मापासून रक्तात अल्ब्युमिन जवळजवळ नसलेली मोजकी माणसं वैद्यकाला माहीत आहेत आणि त्यांना सूज अगदी किरकोळ असते. त्यांच्या रक्तात इतर प्रथिनं वाढतात. शिवाय रक्तातली ओढ घटते तशी बाहेरचीही घटते, त्यामुळे फरक फार राहत नाही. नेफ्रोटिक मुलाचं मूत्रपिंड प्रथिनं गमावतं आणि त्याच वेळी मीठही धरून ठेवतं. आजच्या समजुतीप्रमाणे सुजेत या धरलेल्या मिठाचा वाटा मोठा असतो. म्हणून या मुलांना मीठ कमी करायला सांगतात ते बरोबरच आहे. मास्तरांना दिलेला सल्ला इथे शोभला असता.

स्टार्लिंगच्या मांडणीतही एक मोठी दुरुस्ती झाली आहे. केशवाहिनीच्या सुरुवातीला पाणी बाहेर जातं आणि शेवटच्या टोकाला बहुतेक आत येतं, असं पाठ्यपुस्तकं वर्षानुवर्षं सांगत आली. बहुतेक ऊतींत हे आत येणं फार वेळ टिकत नाही, हे नंतर मोजमापांतून दिसलं. आतडं आणि मूत्रपिंड यांसारखे अपवाद आहेत. बाकी ठिकाणी बाहेर पडलेलं पाणी परत आणण्याची भिस्त लसिकेवरच असते.

ती वाट तुंबली तर काय होतं हे चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. डासांमधून आलेले हत्तीरोगाचे जंत लसिकावाहिन्यांत राहतात आणि वर्षानुवर्षं त्या खराब करत जातात. सुरुवातीला दाबल्यावर खड्डा पडतो. पुढे प्रथिनं तिथेच साठून ऊती घट्ट, तंतुमय होतात. मग अंगठा कितीही दाबला तरी खोलगट ठसा उमटत नाही आणि पाय उंच ठेवून झोपल्यानेही सूज उतरत नाही. अशा पायाला रोज साबणाने धुणं, बोटांमधली चीर कोरडी ठेवणं आणि जखम लगेच झाकणं यांचा फार उपयोग होतो, कारण प्रत्येक जंतुसंसर्गाने उरलेल्या वाहिन्याही निकामी होत जातात.

गोळीची, मूत्रपिंडाची, हृदयाची सूज सहसा दोन्ही पायांना येते. एकच पाय एक-दोन दिवसांत सुजला, पोटरी दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. अशा वेळी पोटरी चोळायची नाही, तेलही लावत बसायचं नाही; त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.