पैसे घ्यायला पिन कशाला?

जुनं कपाट विकायला काढलं, की एखादा ग्राहक घासाघीस न करता ८,००० रुपये कबूल करतो आणि व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवतो: "स्कॅन करा, पैसे जमा होतील." इथेच थांबा. त्या चौकोनात बहुधा एवढंच दडलेलं असतं:

```
upi://pay?pa=...&pn=...&am=8000
```

`pa` म्हणजे पैसे जाणार तो पत्ता, `am` म्हणजे रक्कम. `pn` हे नाव कोड बनवणारा हवं ते लिहू शकतो, म्हणून ॲपने दाखवलेलं बँकेतलं नाव वाचा. स्कॅन केल्याने लगेच पैसे जात नाहीत. यूपीआय पिन टाकला की जातात. पडद्यावर 'पे' दिसलं तर मागे फिरा. त्याला तुमचा यूपीआय आयडी द्या, पैसे त्यावर येतील. पिन टाकून बसलात तर लगेच १९३० वर फोन करा.